बारा वर्षांचं गिऱ्हाईक सोडायचंय, पण संबंध ठेवून. पत्र कसं लिहू?

लेथवाली | ५ सप्टेंबर, रात्री १०.४०

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. तीन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, मी आणि धाकटा भाऊ धरून चौदा माणसं. बाबांनी २०१२ मध्ये एका पंप कंपनीचं जॉबवर्क घेतलं. कास्टिंग त्यांचं, मशिनिंग आमचं. बेअरिंग हाऊसिंगचे सहा पार्ट, महिन्याला साधारण १८०० नग. बाबा गेल्यावर सगळे म्हणत होते, आता हे शॉप बंद होणार. त्या वेळी या कंपनीच्या परचेस मॅनेजर साहेबांनी एकही ऑर्डर कमी केली नाही. तेव्हा आमच्याकडे पगाराला पैसे नव्हते आणि त्यांनी एक बिल आठ दिवसांत पास करून दिलं होतं. हे मी विसरू शकत नाही.

आता अडचण सांगते. सरासरी ६४ रुपये नगाला मिळतात. एका नगाला चढवणं-उतरवणं धरून साडेआठ मिनिटं लागतात. म्हणजे मशीनच्या तासाला साडेचारशेच्या आसपास येतात, इन्सर्टचा खर्च त्यातूनच. महिन्याचे अडीचशे तास यात जातात. आम्हाला हायड्रॉलिकच्या पार्टचं काम मिळालंय, त्यात तासाला सातशे सुटतात, आणि जानेवारीत त्यासाठी नवीन मशीन येतंय. जागा तीच आहे, ऑपरेटर तेच आहेत. दोन्ही कामं होणार नाहीत.

भाऊ म्हणतो, करारात साठ दिवसांची नोटीस आहे, ती देऊन मोकळे होऊ. मला तसं करायचं नाही. मी हे लिहिलंय:

«महोदय, गेली १२ वर्षे आपण आम्हाला सेवेची संधी दिलीत याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तथापि काही अपरिहार्य कारणास्तव आम्ही दि. ३१ जानेवारीपासून आपल्या सर्व पार्टचे काम थांबवत आहोत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. भविष्यात पुन्हा सेवेची संधी मिळाल्यास आनंद होईल.»

वाचल्यावर मलाच परकं वाटतं. काय बदलू?

निगडीचा_नाना | ५ सप्टेंबर, रात्री ११.१५

ताई, सोडता कशाला? नव्वद रुपये रेट मागा. एवढं जुनं गिऱ्हाईक रेट वाढवून देतंच. मी पावडर कोटिंगमध्ये गेल्या वर्षी असाच १८ टक्के वाढवून घेतला. पत्रात स्टील, वीज, पगार यांचा तक्ता जोडायचा, आणि बाबांच्या काळापासूनचे संबंध आहेत हे सुरुवातीलाच लिहायचं.

लेथवाली | ५ सप्टेंबर, रात्री ११.३०

नाना, रेट वाढवून मागायचा नाहीये. दोन वर्षांपूर्वी मागितला होता, त्यांनी तीन रुपये दिले. त्यांच्या पंपाच्या किमतीत यापेक्षा जास्त बसत नाही हे मला पटलंय. काम खरंच सोडायचंय.

चलन_बिल_पावती | ६ सप्टेंबर, सकाळी ९.०५

पत्राचं नंतर बघा, आधी जीएसटी सांभाळा. जॉबवर्कला आलेला माल एक वर्षात परत गेला नाही तर तुमच्यावर टॅक्स बसतो. फिक्श्चरला तीन वर्षं. बारा वर्षांपूर्वीची फिक्श्चर तुमच्याकडे पडून असतील तर मोठा घोळ आहे. दुसरं, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेलच. पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांना तो खर्च इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षी धरता येत नाही. त्याच पत्रात ठणकावून लिहा की सगळी बाकी पंचेचाळीस दिवसांत जमा करा. एकदा काम बंद झालं की पैसे निघत नाहीत, अनुभवाचे बोल आहेत.

डबा_घरचा | ६ सप्टेंबर, सकाळी ११.२०

लेथवाली ताई, माझा धंदा वेगळा आहे, पण तुमचं वाचून राहवलं नाही. मी नाशिकला एका ऑफिसला सहा वर्षं ४० डबे देत होते. सासूबाईंचं ऑपरेशन झालं आणि मला दोन्ही वेळचं जमेना. मी व्हॉट्सअ‍ॅपवर छान लांब मेसेज लिहिला. सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले. पण तो पाठवला शुक्रवारी रात्री, आणि सोमवारपासून डबा नाही म्हणून सांगितलं. कुणी वाईट बोललं नाही. पण आठ महिन्यांनी मी पुन्हा सुरू करतेय म्हणून फोन केला, तेव्हा तिथल्या मॅडम म्हणाल्या, «ताई, तुमच्या जेवणाची आठवण रोज निघते, पण त्या सोमवारी चाळीस माणसं उपाशी होती.» मेसेज कितीही गोड असला तरी त्यांना सोमवारच आठवत होता.

स्टोअर_ते_परचेस | ६ सप्टेंबर, रात्री ९.५०

मी तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलो. आधी स्टोअर, मग परचेस, आता निवृत्त. असं पत्र हातात आल्यावर समोरच्या माणसाच्या मनात काय येतं ते सांगतो.

«अपरिहार्य कारणास्तव» वाचलं की मी पहिला फोन तुम्हाला करत नसे, तुमच्या शेजारच्या शॉपला करत असे. बँकेचं काही झालंय का? भावाभावांत फाटलंय का? मशीन जप्त होणार असतील तर आमचं कास्टिंग आज रात्रीच बाहेर काढायला हवं, इथपर्यंत विचार जातो. तुम्ही कारण लपवलंत की मी सगळ्यात वाईट कारण धरून चालणार. तुमचं कारण सरळ आहे, मग ते लिहा. नवीन प्रकारचं काम घेतलंय, मशीनचे तास उरत नाहीत. फक्त «तुमच्या रेटमध्ये परवडत नाही» हे पत्रात घालू नका. ते खोटं नाही. पण तो कागद माझ्या साहेबांपुढे गेला की ते विचारणार, मग दोन वर्षांपूर्वी रेट का दिला नाहीस. तुम्ही नकळत मला अडचणीत आणता, आणि पुढच्या वेळी तुम्हाला आत घेणारा माणूस मीच असणार.

शेवटचं वाक्य, «पुन्हा संधी मिळाल्यास आनंद होईल», हे सोडून जाणारा प्रत्येक जण लिहितो, म्हणून ते कुणी वाचत नाही. पुढे काय करू शकाल ते नेमकं लिहा. कुठल्या मापाचा पार्ट, किती नगांची लॉट, कधीपासून.

आणि तारीख. पंपाचा धंदा आहे. शेतीपंपाची मागणी जानेवारीअखेर चढायला लागते आणि पाऊस येईपर्यंत असते. तुम्ही ३१ जानेवारीला सोडताय, म्हणजे त्यांची लाईन भरात येण्याच्या तोंडावर. साठ दिवसांची नोटीस कराराप्रमाणे बरोबर असेल, पण नवा व्हेंडर साठ दिवसांत उभा राहत नाही. शॉप बघायचं, रेट ठरवायचा, फिक्श्चर हलवायचं, पहिले नमुने काढायचे, क्वालिटीने ते मोजायचे, एकदा नापास करायचे, पुन्हा काढायचे, मग पंपात बसवून चाचणी. सहा पार्टना तीन-साडेतीन महिने सहज जातात. एक तर सीझनच्या आधी पूर्ण सोडा, नाहीतर सीझन काढून द्या. मधेच नको.

लेथवाली | ६ सप्टेंबर, रात्री १०.३०

काका, सीझनचा विचार मी केलाच नव्हता. आमचं मशीन कधी येतंय तेवढंच बघून तारीख टाकली. डबा_घरचा ताई, तुमचा सोमवार डोक्यात बसला.

सहातले पाच पार्ट सोपे आहेत, कुणीही करेल. सहावा अवघड आहे, महिन्याला अडीचशे नग. दोन्ही बाजूंना ७२ एच७ चे बोअर, म्हणजे तीस मायक्रॉनची मुभा, आणि दोन्ही एका रेषेत हवेत. भिंत पातळ आहे. जॉमध्ये दाबून धरलं तर मशीनवर माप बरोबर येतं आणि जॉ सोडल्यावर बोअर अंडाकृती होतो. बाबांनी त्यासाठी बाजूने न पकडता वरून फेसवर दाबणारं फिक्श्चर केलं होतं. ते करायला त्यांना चार महिने लागले होते. नवा माणूस पहिल्याच दिवशी यात फसणार.

स्टोअर_ते_परचेस | ७ सप्टेंबर, सकाळी ८.१५

मग तुमच्या पत्राचा गाभा हाच आहे, बाई. पाच पार्ट डिसेंबरअखेर सोडा, सहावा मेअखेरपर्यंत चालू ठेवा. अडीचशे नग म्हणजे महिन्याचे पस्तीस-चाळीस तास, एवढे तुम्हाला काढता येतील. पाच पार्टचा एक महिन्याचा जादा साठा करून देण्याची तयारी दाखवा. मात्र हे लवकर सांगा. साठा करायचा तर जादा कास्टिंग लागणार. ती कोल्हापूरहून येत असतील तर फाउंड्रीला चार-पाच आठवडे आधी कळवावं लागेल, आणि पैसा त्यांचा अडकणार. त्यामुळे «आम्ही साठा करून देतो» असं परस्पर ठरवू नका. «आपण कास्टिंग दिलीत तर आमची तयारी आहे» एवढंच म्हणा.

चलनवाल्या मित्राचं थोडं दुरुस्त करतो. माल वर्षात परत गेला नाही तर तो पाठवणाऱ्याने पुरवठा केला असं धरतात, म्हणजे कराची जबाबदारी कंपनीकडे जाते, जॉबवर्करकडे नाही. तीन वर्षं मशीनसारख्या भांडवली मालाला. जिग, फिक्श्चर, डाय, मोल्ड यांना ती मुदतच लागू नाही. त्यामुळे त्या फिक्श्चरची धास्ती नको. पण कास्टिंगचा हिशोब लावायलाच हवा, ते त्यांचं बरोबर आहे.

चलन_बिल_पावती | ७ सप्टेंबर, सकाळी १०.००

फिक्श्चरचं मान्य, तो अपवाद मला माहीत नव्हता. पैशाचं मात्र मी सोडणार नाही. पत्रात लिहिलं नाही तर कधी लिहिणार?

स्टोअर_ते_परचेस | ७ सप्टेंबर, दुपारी १२.४०

वेगळ्या कागदावर, वेगळ्या माणसाला. निरोपाचं पत्र परचेसला जातं. येणे बाकीचा खातेउतारा अकाउंट्सला पाठवायचा, «आमच्या वहीत एवढी रक्कम दिसते, आपल्याकडे जुळते का ते कळवावे» असा. दोन्ही एकाच कागदात घातलं की पत्राचा सूर वसुलीचा होतो आणि ते थेट फायनान्सच्या टेबलावर जातं. उतारा निरोपाच्या आधी पाठवा. तेव्हा ते काम रोजचं असतं, नंतर त्यात संशय शिरतो.

कास्टिंगच्या हिशोबाचंही तसंच. आले किती, चांगले गेले किती, कास्टिंगमध्येच दोष निघाला म्हणून परत किती, मशीनवर बिघडले किती, शिल्लक किती. बारा वर्षांत कुणी जुळवलं नसेल तर फरक निघणारच. दोघांची माणसं एकत्र बसवून मोजा आणि सह्या घ्या. ब्लोहोलचे नग वेगळे ठेवा. बोअर काढल्यावर भोक दिसलं तर मशिनिंगचे पैसे मिळायचे की नाही, यावर जुने वाद असतात. आता ताणू नका.

काही बिनसतंय हे कसं ओळखायचं तेही सांगतो. पत्र गेल्यावर तुमचा माल मिळाल्याचे जीआरएन उशिरा व्हायला लागले, किंवा चार महिन्यांपूर्वीच्या लॉटमधले नग अचानक रिजेक्ट होऊन डेबिट नोट आली, तर समजा की वर कुणीतरी रागावलंय. तेव्हा मेल करत बसू नका, उठून जा आणि समोर बसून बोला.

निगडीचा_नाना | ७ सप्टेंबर, दुपारी २.१०

मी आधी चुकीचं समजलो होतो, ताई. पण सोडायचंच असेल तर सोपा रस्ता आहे. दीडपट रेट द्या, ते आपणहून जातील. तुमच्यावर बोल नाही, वाईटपणा नाही. मी असं एक गिऱ्हाईक सोडलंय.

स्टोअर_ते_परचेस | ७ सप्टेंबर, दुपारी ३.३०

नाना, यात वाईटपणा नाही असं तुम्हाला वाटतं. माझ्या टेबलावर असं कोटेशन आलं की मी त्या व्हेंडरच्या नावापुढे «अडून रेट मागतो» असं मनात लिहीत असे. पुढे कधी चौकशी पाठवायची वेळ आली की तेच आठवायचं. आणि एक धोका आहे. सीझनला माझी लाईन अडकली तर मी तो दीडपट रेट चार महिन्यांसाठी मान्यही करेन. मग काय करणार? मशीन तर तुम्ही दुसऱ्याला देऊन बसलात.

निगडीचा_नाना | ७ सप्टेंबर, दुपारी ४.००

माझा तो माणूस दोन वर्षांनी परत आला, त्याच वाढीव रेटला. प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो, काका. मला अजूनही वाटतं, आकडा बोलतो तेव्हा माणसाला बोलावं लागत नाही.

सेटर_चाकण | ७ सप्टेंबर, रात्री ८.४५

मी शॉपफ्लोअरवरचा माणूस. एक विचारतो. त्या सहाव्या पार्टचा प्रोग्रॅम, फिक्श्चरची युक्ती हे सगळं नव्या व्हेंडरला देणार? तुमच्या बाबांचे चार महिने त्यात गेलेत. ते फुकट द्यायचं?

लेथवाली | ७ सप्टेंबर, रात्री ९.३०

यावर भावाशी कालच भांडण झालं. फिक्श्चर सात आहेत. चारांचे पैसे कंपनीने रोख दिले होते, ती त्यांचीच. उरलेल्या तिन्हींचा खर्च बाबांनी पहिल्या पाच हजार नगांच्या रेटमध्ये घातला होता, तसं जुन्या कोटेशनवर बाबांच्या हाताने लिहिलंय. सहाव्या पार्टचं फिक्श्चर या तिन्हींतलं. भाऊ म्हणतो आपण बनवलं म्हणून आपलं.

स्टोअर_ते_परचेस | ७ सप्टेंबर, रात्री १०.०५

पाच हजार नग कधीच होऊन गेले असतील. मग त्याचे पैसे त्यांनी दिले, फक्त हप्त्याने. माझ्या मते ते त्यांचं. प्रोग्रॅमचं वेगळं आहे. तो तुमचा, आणि दुसऱ्या शॉपचा कंट्रोलर वेगळा असेल तर जसाच्या तसा चालणारही नाही. पण सेटअप शीट द्या. नग कुठे पकडायचा, कुठला बोअर आधी, शेवटच्या कटला किती माल ठेवायचा, माप जॉ सोडल्यावर घ्यायचं. आणि नव्या व्हेंडरचा सेटर दोन दिवस तुमच्याकडे येऊन उभा राहिला तर येऊ द्या. हे जो करतो त्याचं नाव मी निवृत्त होईपर्यंत विसरलो नाही.

सेटर_चाकण | ७ सप्टेंबर, रात्री १०.२०

मला नाही पटत, काका. शीट दिली म्हणजे सगळंच दिलं. नग कसा पकडायचा हेच तर आमचं कसब. कंपनीने फिक्श्चरचे पैसे दिले असतील, डोक्याचे दिले नाहीत. किमान त्याचे वेगळे पैसे तरी मागावेत.

डबा_घरचा | ८ सप्टेंबर, सकाळी ९.४०

ताई, पत्र द्यायच्या आधी फोन करा ना. मी मेसेजवर सांगितलं हीच माझी मोठी चूक होती.

लेथवाली | ९ सप्टेंबर, रात्री १०.१५

ताई, फोन नाही, मी स्वतःच जाते आणि पत्र हातात देते. भाऊही येतोय. तारीख पंधरा ठेवली आहे, पाठोपाठ नवरात्र-दिवाळीची गडबड सुरू होईल. आज अकाउंट्सला खातेउतारा पाठवला. शिल्लक कास्टिंग आमच्या बाजूने मोजून घेतली, वहीत ९४० आणि प्रत्यक्षात ९०३. सदतीस नगांचा फरक आमच्याकडून आहे असं मी आधीच सांगणार.

पत्र पुन्हा लिहिलं. साहेबांशी आमचं बोलणं मराठीतच होतं, म्हणून पत्रही मराठीत:

«आदरणीय साहेब,

आपल्याला समक्ष सांगितल्याप्रमाणे, आपले मशिनिंगचे काम आम्ही टप्प्याटप्प्याने थांबवत आहोत. जानेवारीत आम्ही हायड्रॉलिक पार्टसाठी नवीन मशीन घेत आहोत. त्या कामानंतर आपल्या १८०० नगांना लागणारे तास आमच्याकडे उरत नाहीत. अर्धवट लक्ष देऊन आपला माल करण्यापेक्षा वेळेत सांगणे आम्हाला योग्य वाटले.

पाच पार्टचा शेवटचा माल ३१ डिसेंबरला येईल. तोपर्यंतचे वेळापत्रक नेहमीप्रमाणे राहील. आपण जादा कास्टिंग पाठवलीत, तर या पाच पार्टचा एक महिन्याचा साठा आम्ही सध्याच्याच रेटने करून देऊ. त्यासाठी कास्टिंग ऑक्टोबरअखेर मिळायला हवीत. सहावा पार्ट अवघड असल्याने तो आम्ही ३१ मेपर्यंत, म्हणजे सीझन संपेपर्यंत करू.

आपली सातही फिक्श्चर साफ करून, मापे तपासून परत देऊ. सहाव्या पार्टची सेटअप शीट सोबत देऊ. आपल्या नव्या व्हेंडरच्या सेटरला आमच्याकडे दोन दिवस काम बघता येईल. शिल्लक कास्टिंगची मोजणी आपल्या स्टोअरसोबत करायची आहे. सोयीचा दिवस कळवावा.

जूननंतर नवीन पार्टचे नमुने, किंवा २५ ते १०० नगांच्या लहान लॉट आम्ही आनंदाने करू. मशीन बंद पडले आणि एखादा नग तातडीने हवा असेल, तर आजच्यासारखाच फोन करावा.

बाबा गेल्यानंतर त्या महिन्यात आपण आमचे बिल आठ दिवसांत काढून दिले होते. शॉप त्यामुळे चालू राहिले. हे आम्ही दोघे बहीण-भाऊ विसरलेलो नाही.»

स्टोअर_ते_परचेस | ९ सप्टेंबर, रात्री ११.००

शेवटचा परिच्छेद काढा. भावना खरी आहे, पण बिल नियमाबाहेर लवकर निघालं हे कंपनीच्या फाइलमध्ये कशाला? ते तोंडाने सांगा. पत्रात «२०१२ पासून आपण आमच्यावर ठेवलेल्या विश्वासाबद्दल आभार» पुरे. आणि «आजच्यासारखाच फोन करावा» याला एक आवर घाला. तातडीचा नग म्हणजे किती? नाहीतर डिसेंबरनंतर दर आठवड्याला तातडीचे दोनशे नग येतील. «महिन्याला दहा नगांपर्यंत» असं काहीतरी लिहा.

बाकी पत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर मी आधी चहा मागवला असता.

निगडीचा_नाना | १० सप्टेंबर, सकाळी ८.२०

मेपर्यंतचा सहावा पार्ट जुन्याच रेटने? तिथे तरी दहा रुपये वाढवा, ताई.

लेथवाली | १० सप्टेंबर, सकाळी ८.५०

नाही, नाना. जाताना मागितलेले दहा रुपये मलाच खुपतील.

लेथवाली | १५ सप्टेंबर, रात्री ९.२०

जाऊन आलो. साहेबांनी पत्र वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, «आमच्यातलं कुणी काही बोललं का तुम्हाला?» मी नाही म्हटलं आणि नवीन मशीनचं कोटेशनच दाखवलं, तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. मग मी बिलाचं तोंडी बोलले. ते थोडा वेळ बाहेर बघत राहिले आणि म्हणाले, «तुझे बाबा दर दिवाळीला एक नवीन गेज घेऊन यायचे, ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.»

मग लगेच कामावर आले. जादा कास्टिंग तीनच पार्टची मिळतील, बाकी दोन पार्टसाठी फाउंड्रीत जागा नाही. सदतीस नगांची डेबिट नोट येईल असं म्हणाले, मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, सहावा पार्ट मेनंतरही ठेवाल का, रेटचं मी बघतो. मी तिथे उत्तर दिलं नाही. भावाने मात्र गाडीत बसल्या बसल्या ठेवूया म्हटलं, काल नको म्हणणारा तोच. आता या पार्टपुरता तासाचा हिशोब पुन्हा मांडून बघते आहे. पार्ट ठेवायचा ठरला तर ते फिक्श्चर सध्या आमच्याकडेच राहील, पण मालकी त्यांची असं लिहून देणार. यावर भाऊ अजून तयार नाही.

कास्टिंगची मोजणी शनिवारी सकाळी दहाला आहे. त्यांचे स्टोअरकीपर येतायत. ब्लोहोलचे नग आज वेगळ्या पॅलेटवर काढून त्यावर लाल रंग मारून ठेवलाय.